१४.९ टक्के स्वस्त की १५ टक्के? व्याज वर्षातून किती वेळा लावलं जातं, त्याचा हिशेब

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप)

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू करतोय. नऱ्ह्यात राहणाऱ्या एका श्रोत्याने पाठवली होती. त्याला दुकानाच्या डिपॉझिटसाठी दोन लाख हवेत. घरातलं सोनं तारण ठेवायचं ठरलंय. वर्षभरानं भिशीचे पैसे येतील, तेव्हा मुद्दल आणि व्याज एकदम भरून सोनं सोडवायचं, मधे हप्ता वगैरे काही नाही. दोन ठिकाणी चौकशी केली. एका पतसंस्थेने सांगितलं १५ टक्के. एका फायनान्स कंपनीने सांगितलं १४.९ टक्के. त्याचा प्रश्न एवढाच होता, "१४.९ वाली घेऊ ना?"

मी त्याला उलट विचारलं, व्याज किती दिवसांनी लावणार, ते कागदावर काय लिहिलंय? त्याने फोटो पाठवले. पतसंस्थेचं व्याज दर तिमाहीला, कंपनीचं दर महिन्याला. आणि म्हणून उत्तर उलटं आलं: १५ टक्के वालं कर्ज स्वस्त, १४.९ वालं महाग. कसं, तेच आज बघायचंय. कागद-पेन लागणार नाही, फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरेल.

"१२ टक्के" म्हणजे नक्की किती?

आकडेमोड सोपी जावी म्हणून आधी १२ टक्के घेऊ. एक लाख रुपये, एक वर्ष, मधे काहीच भरायचं नाही.

व्याज वर्षातून एकदाच लावलं, तर वर्षअखेर १२,००० व्याज. सरळ आहे.

आता समजा व्याज दर तीन महिन्यांनी लावलं. तेव्हा १२ चे चार तुकडे होतात, दर तिमाहीला ३ टक्के. पहिल्या तिमाहीनंतर ३,००० रुपये व्याज झालं आणि ते तुमच्या नावावर चढलं. आता कर्ज १,०३,००० चं. दुसऱ्या तिमाहीचे ३ टक्के या १,०३,००० वर लागतात, म्हणजे ३,०९०. हे वरचे ९० रुपये कुठून आले? ते व्याजावरचं व्याज आहे. असं चार वेळा केलं की वर्षाचं व्याज होतं १२,५५१. म्हणजे खरा दर १२.५५ टक्के.

दर महिन्याला लावलं तर १२ चे बारा तुकडे, महिन्याला १ टक्का. वर्षाचं व्याज १२,६८३. खरा दर १२.६८ टक्के.

तर कागदावर छापलेला १२ हा झाला नॉमिनल रेट, नावापुरता दर. आणि १२.५५ किंवा १२.६८ हा इफेक्टिव्ह रेट, म्हणजे प्रभावी वार्षिक दर. नावापुरता दर एकच असला तरी व्याज किती वेळा मुद्दलात मिसळतं त्यावर प्रभावी दर बदलतो. बँकवाले या मिसळण्याच्या टप्प्याला 'रेस्ट' म्हणतात. मंथली रेस्ट, क्वार्टर्ली रेस्ट. विश्रांतीशी त्याचा काही संबंध नाही.

हे १२.५५ आणि १२.६८ मी उगाच निवडले नाहीत. आपल्याकडच्या बँका पूर्वी कर्जांवर साधारणपणे तिमाही व्याज लावायच्या. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २००२ पासून दरमहा व्याज लावण्याची पद्धत आणली. आता तुमच्या लक्षात येईल की दर तोच ठेवून नुसती तिमाहीची महिनेवारी केली, तरी कर्जदाराचं ओझं गुपचूप वाढलं असतं. म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की केवळ या बदलामुळे प्रभावी दर वाढता कामा नये. आणि उदाहरण दिलं नेमकं हेच: १२ टक्के तिमाहीने १२.५५ होतात, महिन्याने १२.६८ होतात, तेव्हा १२ हा आकडा इतका खाली आणा की कर्जदाराला १२.५५ च्या वर पडायला नको. शेतीकर्जं या मासिक पद्धतीतून वगळली होती, कारण पीक काही दर महिन्याला हातात येत नाही.

नऱ्ह्याच्या श्रोत्याचा हिशेब

आता त्याच पद्धतीने दोन लाखांचं बघू.

पतसंस्था: १५ टक्के, तिमाही. दर तिमाहीला ३.७५ टक्के, चार वेळा. प्रभावी दर १५.८७ टक्के. वर्षअखेर भरायचे २,३१,७३०.

कंपनी: १४.९ टक्के, मासिक. बारा वेळा. प्रभावी दर १५.९६ टक्के. वर्षअखेर २,३१,९२२.

कमी दराचं कर्ज १९२ रुपयांनी महाग पडलं.

आता तुम्ही म्हणाल, "१९२ रुपयांसाठी एवढा खटाटोप?" बरोबर आहे. दोन चहा आणि दोन मिसळ पाव म्हणा हवं तर. म्हणूनच पुढची गोष्ट महत्त्वाची आहे: व्याज किती वेळा लागतं याचा फरक कुठे नगण्य असतो आणि कुठे माणसाला बुडवतो, हे ओळखता आलं पाहिजे.

फरक कुठे छोटा, कुठे मोठा

पहिली गोष्ट, "डेली कंपाउंडिंग" हा शब्द ऐकून घाबरू नका. १२ टक्क्यांचं तेच एक लाखाचं कर्ज, व्याज रोजच्या रोज मिसळलं तरी वर्षाला १२,७४७ होतं. महिनेवारीने १२,६८३ होत होतं. फरक फक्त ६४ रुपयांचा. वर्षातून एकदाऐवजी महिन्याला केलं तेव्हा उडी मोठी होती. त्याच्यापुढे कितीही बारीक तुकडे करा, वाढ आटत जाते. १२ टक्क्यांचे तासाला तुकडे केले तरी १२.७५ च्या पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट, मूळ दर जितका चढा, तितकी ही वाढ जास्त. आता बाजारपेठेतली भाषा घ्या. "शेकडा तीन" हे तुम्ही ऐकलं असेल. शंभराला महिन्याला तीन रुपये. ऐकायला किती किरकोळ वाटतं! तीनच तर रुपये. बाराने गुणलं तर ३६ टक्के. पण व्याज थकून दर महिन्याला मुद्दलात चढत गेलं, तर प्रभावी दर ४२.५८ टक्के. १२ टक्क्यांवर पाऊण टक्क्याहून कमी फरक होता, इथे साडेसहा टक्क्यांचा झाला.

पन्नास हजार घेतले असं समजा आणि दोन वर्षं काही भरता आलं नाही. सरळव्याजाने महिन्याला १,५०० प्रमाणे २४ महिन्यांचं व्याज ३६,०००. देणं ८६,०००. पण दरमहा चक्रवाढ लावली तर देणं १,०१,६४०. म्हणजे दोन वर्षांत दुप्पट. सरळव्याजाने दुप्पट व्हायला ३३ महिन्यांच्या वर लागले असते.

सुपे, १२ मे १८७५

दुप्पट म्हटलं की पुणे जिल्ह्यातलं सुपे आठवतंच. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. तिथे शेतकरी सावकारांवर उठले आणि मागितलं काय, तर कर्जाचे रोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या जाळल्या. हा उठाव मग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्यामागची कारणं बरीच होती, कापसाचे पडलेले भाव, वाढलेला सारा. पण लोकांनी नेमके कागदच का जाळले, ते आपल्या विषयात बसतं.

आपल्याकडे जुना 'दामदुप्पट' नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले तर व्याजाचे फार तर शंभर. कर्जदारासाठी ही भिंत होती. मग १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला, त्यात कर्जाच्या रोख्याची मुदत तीन वर्षांची झाली. हेतू होता की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. घडलं उलटं. सावकार तीन वर्षं संपत आली की नवा रोखा लिहून घेऊ लागले. त्यात जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून एकच आकडा, आणि तो आकडा म्हणजे नवं मुद्दल. कालचं व्याज आज मुद्दल झालं की दामदुप्पटीचं मोजमापही नव्या आकड्यापासून सुरू होतं. भिंत होती तिथेच राहिली, पण दर खेपेला पुढे सरकत गेली.

आजच्या भाषेत सांगायचं तर तो तीन वर्षांचा रेस्ट होता. शेतकऱ्याला दर माहीत असायचा. मुद्दल कधी आणि कसं फुगलं हे त्याला वाचता यायचं नाही, कारण ते कागदात होतं. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना त्या कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार किती रुपयांचा होता ते तपासायचा अधिकार दिला.

पण मी तर दर महिन्याला ईएमआय भरतो!

हा प्रश्न नेहमी येतो आणि रास्त आहे. बाईकचा, फोनचा, घराचा हप्ता वेळेवर भरत असाल, तर त्या महिन्याचं व्याज हप्त्यातच फिटतं. ते मुद्दलात चढत नाही. तुमच्या खात्यात व्याजावर व्याज लागत नाही.

मग प्रभावी दर कशाला बघायचा? कारण व्याज आधी भरण्याचीही किंमत असते. एक लाखावर दर महिन्याला १,००० असं नुसतं व्याज भरलं, तर वर्षाचे १२,००० होतात. दुसरा म्हणाला, "वर्षअखेर एकदम १२,००० द्या", तर तुम्ही कुणाकडे जाल? दुसऱ्याकडेच. पहिल्या सौद्यात जानेवारीचे हजार रुपये जानेवारीतच हातातून गेले, दुसऱ्यात ते डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे राहिले. पैशाची बेरीज सारखी, पण वेळ सारखी नाही. प्रभावी दर ही वेळ मोजतो, म्हणून दोन वेगळ्या पद्धतींची कर्जं त्याच्या आधाराने शेजारी ठेवता येतात.

आणि हप्ता थांबला की चक्रवाढ लगेच डोळ्यांसमोर येते. कोविडच्या वेळी १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० अशी सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत होती. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. दर महिन्याचं व्याज थकबाकीत चढत गेलं. समजा ४० लाखांचं गृहकर्ज आणि ८ टक्के दर. सहा महिन्यांचं सरळव्याज १,६०,०००. दरमहा चक्रवाढीने सुमारे १,६२,६९०. वरचे २,६९० रुपये म्हणजे व्याजावरचं व्याज.

तेवढ्याच रकमेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये योजना काढून दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक प्रकारच्या कर्जांना चक्रवाढ आणि सरळव्याज यांतला हा फरक परत दिला. ज्यांनी सवलत न घेता हप्ते भरले त्यांनाही दिला. पुढे २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की त्या काळातलं व्याजावरचं व्याज कुठल्याच कर्जदाराकडून घेऊ नये. लक्षात घ्या, मूळ १,६०,००० माफ झाले नाहीत. माफ झाली ती फक्त रेस्टची करामत.

एरवी हप्ता चुकला तर काय? उशिरासाठीचा दंड मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. पण थकलेल्या नेहमीच्या व्याजावर व्याज लागू शकतं. म्हणून स्टेटमेंटमध्ये दंड आणि व्याज वेगवेगळ्या ओळींत आहेत का, ते बघा.

एपीआर: कामाचा आकडा, पण एक बारकावा

आता फोनवर कर्ज घेताना एक कागद समोर येतो, 'की फॅक्ट्स स्टेटमेंट'. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना तो द्यावाच लागतो. आपल्याला समजेल त्या भाषेत द्यावा लागतो, म्हणजे मराठीत मागायला लाजू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र यातून वगळली आहे. या कागदात एक आकडा असतो, एपीआर. व्याजासोबत फीसुद्धा धरून वर्षाला किती टक्के पडतं, ते तो सांगतो.

रिझर्व्ह बँकेने स्वतः दिलेला नमुना बघा. कर्ज २०,०००, मुदत २४ महिने, व्याज १५ टक्के, हप्ता ९७०. शुल्क ४०० कापून हातात येतात १९,६००. हप्ता मात्र पूर्ण वीस हजारांवरचा. म्हणून एपीआर १५ नव्हे, १७.०७ टक्के. चारशे रुपयांनी दर दोन टक्क्यांनी वर नेला! मघाशी महिना आणि तिमाहीच्या फरकाने १५ टक्क्यांच्या आसपास जेमतेम दशांशात हालचाल होत होती. छोट्या मुदतीच्या कर्जात फी त्याहून जोरात चावते.

बारकावा असा. त्या रकान्यात या आकड्याला 'प्रभावी' म्हटलं आहे. पण हिशेब उलगडून बघितला तर महिन्याचा दर येतो १.४२२५ टक्के, आणि १७.०७ हे त्याला बाराने नुसतं गुणून आलेलं आहे. चक्रवाढ धरली तर खरा वार्षिक दर १८.४७ टक्के होतो. म्हणजे एपीआरमध्ये फी आली, चक्रवाढ आली नाही. दोन्ही कर्जं मासिक हप्त्यांची असतील तर एपीआर शेजारी ठेवून खुशाल तुलना करा. पण एक मासिक हप्त्याचं आणि दुसरं आठवड्याच्या हप्त्याचं किंवा वर्षअखेर एकदम फेडायचं असेल, तर आधी दोन्हींचा प्रभावी दर काढा.

तो काढायला फोनवरच्या शीटमध्ये एक ओळ लिहायची:

```
=EFFECT(0.149,12)
=EFFECT(0.15,4)
```

कंसातला पहिला आकडा छापील दर, दुसरा वर्षात किती वेळा व्याज लागतं तो. पहिल्याचं उत्तर ०.१५९६, दुसऱ्याचं ०.१५८७. नऱ्ह्याच्या श्रोत्याचं कोडं दोन ओळींत सुटलं.

आणि फी कापून पैसे मिळणार असतील तर:

```
=RATE(24,-969.73,19600)*12
```

महिने, हप्ता उणे चिन्हासह, आणि हातात पडणारी रक्कम. हातात पडणारी म्हणतोय, मंजूर झालेली नव्हे. उत्तर ०.१७०७, म्हणजे वरचाच एपीआर. तो मग `EFFECT` मध्ये १२ सोबत टाकला की १८.४७ मिळतात.

तर पुढच्या वेळी कुणी नुसता टक्का सांगितला, की तीन गोष्टी विचारा. व्याज किती दिवसांनी लावता? न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवता का? आणि माझ्या खात्यात नक्की किती जमा होणार? उत्तर तोंडी नको, सँक्शन लेटरमधली ओळ दाखवायला सांगा.

नऱ्ह्याचा मित्र शेवटी पतसंस्थेकडे गेला, पण १९२ रुपयांसाठी नाही. तिसरा प्रश्न विचारल्यावर कळलं, की कंपनी दोन लाखांतून दीड टक्का प्रोसेसिंग फी कापणार होती, म्हणजे ३,०००. पतसंस्थेची फी होती ५००.

तुमच्याकडे असा दोन ऑफरचा पेच असेल तर दर, रेस्ट आणि फी एवढं लिहून पाठवा, नाव-गाव नको. पुढच्या भागात त्यातली एक-दोन सोडवू. भेटू, नमस्कार!